मधली खाच

आप्पा जिंकले.

साठी ओलांडलेल्या माणसाने, सगळी हयात कापड गिरणीत मागांची दुरुस्ती करत घालवलेल्या माणसाने, कॉम्प्युटरवरच्या लुटुपुटीच्या लढाईत शेवटचा शत्रू आडवा केला आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली. चार महिन्यांतला पहिला विजय. आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. स्वयंपाकघरात माईंनी कपाळावर हात मारून घेतला असणार, पण कानांवर हेडफोन असल्यामुळे ते काही आप्पांना कळलं नाही.

मग त्यांनी हेडफोनच्या वायरीवर लटकणारी ती डबी चाचपली आणि तिच्यावरचं चाक पुन्हा मध्यावर आणलं. अंगठ्याखाली मधली खाच टक्कन लागली. त्याबरोबर कानात लेकीचा आवाज आला.

"...थँक्यू, आप्पा. खरंच. तुम्ही इतक्या पटकन हो म्हणाल असं वाटलं नव्हतं मला. मग ठरलं. आता मी इथे येणार नाही, हे खातंही पुसून टाकते. वाट बघते तुमची. या हं नक्की."

"अगं, कुठे..." एवढं आप्पा म्हणेपर्यंत पडद्यावरचं 'मुंगी' हे नाव करडं पडलं. गेली ती.

आप्पा बसूनच राहिले. सोनेरी अक्षरं अजून नाचत होती. आपण कशाला हो म्हणालो? कुठे जायचंय? कधी?

आता हे प्रकरण समजायचं तर ती डबी समजली पाहिजे. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, काळी, हेडफोनच्या वायरीच्या मध्यावर. बाजूला एक चाक, त्याने सगळाच आवाज लहानमोठा होतो. खाली एक खटका, तो आपला माइक बंद करायला. आणि वरच्या अंगाला दुसरं चाक, ज्याच्या एका टोकाला खेळाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला बोलणाऱ्या माणसाचं. चाक मधल्या खाचेत असलं की बंदुका, पावलं, गाड्या हा खेळाचा आवाज आणि सोबत्याचं बोलणं, दोन्ही सारखं येतं. खेळाकडे फिरवलं की बोलणं कमी होत जातं आणि पार टोकाला नेलं की बोलणं बंद. उलट बाजूला नेलं की खेळ मुका. मुंगीने हे सगळं आप्पांना बसवून समजावलं होतं. आप्पा "हं" म्हणाले होते.

आप्पांचं "हं" हा एक वेगळाच विषय आहे. पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. पार नाही, पण गेलेच होते. डावा जास्त, उजवा कमी. डॉक्टरने यंत्र लावा म्हणून सांगितलं, तर आप्पा म्हणाले, बघू. घरी येऊन म्हणाले, डॉक्टर म्हणतो कान ठणठणीत आहेत. आणि मग लोकांचं अर्धं बोलणं ऐकून, अर्धं तोंडाकडे बघून, जिथे समोरचा थांबला तिथे "हं", "बरं", "बरोबर आहे" असं पेरायची त्यांनी अशी काही सवय लावून घेतली की सगळ्या आळीत आप्पांसारखा ऐकून घेणारा माणूस नाही, असं त्यांचं नाव झालं. घ्या! बहिरेपणाची ख्याती ती अशी.

तर मुंगी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली त्याला तीन वर्षं झाली. तिचे फोन यायचे ते अगदी तोलूनमापून, बरी आहे, जेवले, ठेवते. चार महिन्यांपूर्वी एका दिवसासाठी आली ती जुना कॉम्प्युटर आणि हा हेडफोन घेऊनच. म्हणाली, "आप्पा, दुपारी आपण खेळत जाऊ. आणि काही खास बोलायचं असेल ना, तर फोनवर नको. इथेच बोलू." आप्पांना वाटलं, बिलाची काळजी करत असेल पोर. त्यांनी "हं" म्हटलं.

आणि त्यांना खेळ आवडला हो! रोज दुपारी लेकीचा आवाज कानात, मग काय पाहिजे? पण एकच पंचाईत होती. आप्पा सारखे मागून मारले जायचे. मागून येणाऱ्या शत्रूची पावलं त्यांना ऐकूच यायची नाहीत. मुंगी हसायची, "आप्पा, तुमच्या मागे अख्खी वरात आली होती!" आप्पा हसायचे आणि मनात खट्टू व्हायचे. आपल्यामुळे लेक हरते. बाजूचं चाक आधीच पूर्ण फिरवलेलं होतं, मग राहिलं वरचं. ते त्यांनी खेळाकडे ढकलायला सुरुवात केली. रोज थोडं. लेकीचं बोलणं बारीक झालं, पण पावलं जरा उठून यायला लागली.

आणि आज, शेवटी चारच जण उरलेले असताना, आप्पांनी चाक पार टोकाला नेलं होतं. दोन मिनिटांसाठी, एवढंच. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीच्या नावापुढचं माइकचं चिन्ह पेटलेलं त्यांना दिसत होतं. ती बोलत होती. बराच वेळ बोलत होती. चिन्ह विझलं की आप्पा "हं" म्हणत होते. हात दोन्ही गुंतलेले, डबी कीबोर्डच्या मागे पडलेली, आणि भिंतीपलीकडे पावलं वाजत होती. म्हटलं, ही एवढी लढाई होऊ दे, मग विचारू.

मग काय विचारणार, कपाळ?

"माई!" त्यांनी हाक मारली. माई पदराला हात पुसत आल्या. आप्पांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही न ऐकताच हो म्हणालात?"

"हो."

"मग नवीन काय त्यात? माझ्याशी तीस वर्षं हेच करताय." माई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "फोन करा की सरळ. बाई गं, ऐकू नाही आलं, परत सांग. जीभ झडते का तेवढं म्हणायला?"

"फोनवर नको म्हणालीय ती."

"का?"

का? हा प्रश्न चार महिन्यांत त्यांना पडलाच नव्हता. बिलाचं काय घेऊन बसलात, हल्ली फोनला वेगळे पैसे पडतात कुठे? माईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कमरेवरचे हात खाली आले.

"मी करते फोन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहज केल्यासारखा. आईने लेकीला फोन केला तर त्यात काय."

फोन वाजला, उचलला गेला. माईंनी तो दोघांना ऐकू येईल असा मध्ये धरला.

"नमस्कार, आई," जावयाचा आवाज आला. गोड, अगदी साखर. "ती जरा पडलीय. काही काम होतं का?"

"नाही, नाही. सहजच केला होता."

"मघाशी तिचं आप्पांशी बोलणं झालं वाटतं? बोलत होती म्हणून शेजारचे सांगत होते. तिच्या फोनवर तर काही दिसत नाही तसं."

माई मोठ्या खंबीर. "नाही हो," त्या म्हणाल्या, "यांना कुठे वेळ असतो. बरं, ठेवते." आणि ठेवला.

हा माणूस लेकीचा फोन बघतो. कुणाशी बोलली, कधी बोलली, सगळं बघतो. म्हणून तो खेळ. म्हणून ते बोलणं, ज्याची नोंद कुठल्या फोनवर राहत नाही. म्हातारे आईबाप आणि एक कॉम्प्युटर, कोणाला काय संशय येणार? पोरीने चार महिने एक एक वीट रचून रस्ता केला, आणि ज्या दिवशी ती त्या रस्त्यावर आली त्या दिवशी बाप बहिरा होऊन बसला होता.

"वाट बघते म्हणाली ना?" माईंनी विचारलं. "कुठे?"

"ते ऐकलं असतं तर काय हवं होतं!" आप्पा ओरडले.

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या आप्पांना एकदम आठवलं. रेकॉर्डिंग! मुंगीने कॉम्प्युटरवर अशी काहीतरी सोय करून ठेवली होती की प्रत्येक डाव आपोआप चित्रित व्हायचा, म्हणजे आप्पा कुठे चुकले ते नंतर दाखवता यावं. ते तडक उठले.

फाइल सापडली. चालू केली. तो सगळा डाव तसाच्या तसा समोर आला. बंदुका, गाड्या, वारा. शेवट जवळ आला. माइकचं चिन्ह पेटलं आणि आप्पांनी श्वास रोखला. कानात फक्त गोळ्यांचा आवाज. मग त्यांचा स्वतःचा.

"हं."

पुन्हा चिन्ह पेटलं. लांबच लांब पेटलेलं. गोळ्या, पावलं, गोळ्या.

"हं, हं. बरं."

आणि मग सगळ्यात शेवटी, खुशीत येऊन, "हो हो, चालेल!"

लेकीचा एक शब्द नाही. जिथे ती बोलत होती तिथे नुसती लढाई. आप्पांनी तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. माई दारात उभ्या राहून ते "हं" ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी खेळ उघडून पाहिला. 'मुंगी' नावाचं खातंच नव्हतं. मग फाइल एका पेनड्राइव्हमध्ये घातली, हेडफोन डबीसकट पिशवीत टाकला आणि ते बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकान बंद. शेजारचा म्हणाला, "बाई माल आणायला गेल्यात, दुपारी येतील." आप्पा पायरीवर बसले. उठले. पुन्हा बसले. लेक आत्ता कुठल्यातरी पायरीवर अशीच बसली असेल का? की ते उद्यावर आहे? की कालच होतं आणि होऊनही गेलं? माईंचा फोन आला, "काही कळलं का?" त्यांनी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नाही म्हणून सांगितलं.

दुकानवाली आली तेव्हा दुपार झाली होती. तिशीतली, कानावर पेन खोचलेली, बोलायला फटकळ.

"काका, हा हेडफोन तर चांगला आहे की. काय झालंय त्याला?"

आप्पांनी सांगितलं. सगळं नाही. लेकीचं एक महत्त्वाचं बोलणं ऐकायचं राहून गेलं, आणि ते रेकॉर्डिंगमध्येही नाही, एवढंच. ते चाकाबद्दलही बोलले. पावलं मोठी ऐकू यावीत म्हणून टोकाला नेलं होतं म्हणाले.

दुकानवालीने डबी हातात घेऊन चाक इकडून तिकडे फिरवलं. "अहो काका, हे चाक काहीच मोठं करत नाही. मधल्या खाचेत दोन्ही आवाज पूर्ण असतात. कुठल्याही बाजूला नेलं की फक्त उलट बाजूचा कमी होतो. तुमची पावलं खाचेत जेवढी होती तेवढीच टोकालाही होती. मुलगी तेवढी बंद झाली."

आप्पा डबीकडे बघत राहिले. पावलं मोठी झालीच नव्हती. नुसतं बाकीचं शांत झालं म्हणून तसं वाटलं.

"म्हणजे तिचा आवाज डबीतच अडकला," ते म्हणाले. "रेकॉर्ड व्हायच्या आधीच गेला."

"थांबा, थांबा. उलटं बोलताय." तिने पेनड्राइव्ह लावला. "ही वायर दिसायला एक आहे, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे हेडफोन दिसतात. एकावर खेळ पाठवायचा, दुसऱ्यावर बोलणं. कॉम्प्युटर दोन्ही आवाज पूर्ण पाठवतो. या डबीचं चाक त्यांचं मिश्रण करतं ते पार शेवटी, तुमच्या कानात जायच्या आधी. रेकॉर्डिंग होतं ते त्याच्याही आधी. तुम्ही चाक कुठेही फिरवा, कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो. मुलीचा आवाज डबीपर्यंत व्यवस्थित आला होता. ज्याने रेकॉर्डिंग लावलं त्याने बोलण्याची बाजू घेतली असेल, तर तो फाइलमध्ये आहे."

"पण मी ऐकलं ना! नाहीये."

"तुम्ही साधा प्लेअर लावला असणार. तो पहिलीच पट्टी वाजवतो." तिने दुसरा कुठलातरी प्लेअर उघडला आणि यादी खाली ओढली. "हे बघा. आवाजाच्या दोन पट्ट्या आहेत. पहिलीत खेळ आणि तुमचा माइक. दुसरी वेगळी ठेवलीय. कोणी लावलं हे?"

"तिनेच."

"हुशार आहे. कुणाला व्हिडिओ दाखवायची वेळ आली तर तिचं बोलणं त्यात येऊ नये म्हणून केलेलं दिसतंय." तिने दुसरी पट्टी निवडली.

पडद्यावर लढाई चालू होती, पण मुकी. बंदुकांच्या तोंडातून जाळ निघत होता आणि आवाज नव्हता. मग माइकचं चिन्ह पेटलं, आणि दुकानाच्या स्पीकरमधून मुंगी बोलायला लागली. स्वच्छ, अगदी जवळून.

"आप्पा, जरा नीट ऐका. मी हे परत सांगू शकणार नाही."

ती थांबली. एवढ्या जागेत काल आप्पांनी "हं" म्हटलं होतं.

"तो हात उचलतो माझ्यावर. पहिल्या वर्षापासून. आता..."

दुकानवालीने झटकन स्पीकर बंद केला, हेडफोन लावला आणि आप्पांच्या हातात दिला. डबीवरचं चाक तिने मधल्या खाचेत आणून ठेवलं आणि ती दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

"...आता तर माझा फोनही तो रोज तपासतो. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी आले होते ना, तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं मी. ओट्यापाशी. मिक्सर चालू होता आणि मला बरंच वाटलं, आईला ऐकू जाणार नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, हं म्हणालात, आणि पेपर वाचायला गेलात. मला वाटलं, आप्पांना चालतं हे. संसारात होतं असं, असं म्हणत असतील मनात. म्हणून गेले परत."

पुन्हा शांतता. आप्पांना तो मिक्सर आठवला. लेकीचे हलणारे ओठ आठवले. तिने मान खाली घातली तेव्हा तिचं बोलणं संपलं असं समजून आपण हं म्हणालो, तेही आठवलं. देवा!

"पण चार महिने तुम्ही रोज माझ्याशी खेळलात. एक दिवस चुकवला नाहीत. म्हणून पुन्हा विचारते. उद्या तो बाहेरगावी जातोय, संध्याकाळी परत येईल. मी दुपारीच निघेन. फोन घरी ठेवते, नाहीतर त्याला कळतं मी कुठे आहे ते. आमच्या इथल्या बसस्टँडवर, मागे पार्सल ऑफिस आहे, त्याच्या पायरीवर बसते. एकटीने बसमध्ये चढायचा धीर नाही होत माझा. दोनदा चढून उतरलेय. तुम्ही न्यायला या. पाचपर्यंत वाट बघेन. नाही आलात तर समजेन, आणि तो यायच्या आत घरी जाईन. मग पुन्हा नाही विचारणार, आप्पा, शप्पथ. आणि हं म्हणू नका. हो की नाही ते सांगा. याल?"

इथे काल आप्पांनी शत्रूला लोळवून खुशीत "हो हो, चालेल" म्हटलं होतं. पट्टीत मात्र काहीच नव्हतं. मग एक लांब श्वास आला, थरथरलेला, आणि "थँक्यू, आप्पा."

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिच्या गावाला बसने दोन तास लागतात. पाच वाजायला दोन तास आणि थोडंसं, एवढंच उरलं होतं.

"बाई," ते उठत म्हणाले, "बसस्टँड... मला..."

दुकानवालीने काही विचारलं नाही. शटर खाली ओढलं, स्कूटर काढली. "बसा मागे. घट्ट धरा."

बस मिळाली, पण ती बस कसली, बैलगाडी! प्रत्येक थांब्यावर थांबत होती, कंडक्टर निवांत तिकिटं फाडत होता, एक बाई आपल्या गाठोड्यांसाठी दोन मिनिटं भांडली. आप्पा पुढच्या सीटची कांब धरून उभेच होते. बसायला जागा असून. माईंना फोनवर एवढंच म्हणाले, "आणायला चाललोय," आणि माई पलीकडे रडायला लागल्या, ते त्यांना स्वच्छ ऐकू आलं. वाटेत फाटक लागलं. मालगाडी. डबे संपता संपेनात. आप्पांच्या तोंडातून शिव्या बाहेर पडल्या, ज्या गिरणी सोडल्यापासून त्यांनी उच्चारल्या नव्हत्या.

उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते.

ते धावत मागच्या बाजूला गेले. पार्सल ऑफिस, तीन पायऱ्या. पायऱ्यांवर एक कुत्रं झोपलेलं. बाकी कोणी नाही.

"इथे एक मुलगी बसली होती का?" त्यांनी आतल्या हमालाला विचारलं. हमाल काहीतरी बोलला. स्टँडवर भोंग्यातून गाड्यांची घोषणा चालली होती, इंजिनं घरघरत होती, आणि हमालाचे नुसते ओठ हलले. हं म्हणायची ती जुनी खोड ओठांपर्यंत आली.

"ऐकू नाही आलं," आप्पा म्हणाले. "मला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगा, बाबा."

"दुपारपासून बसली होती!" हमाल ओरडला. "आत्ताच उठली! शहर बसच्या रांगेत बघा!"

रांग लांब होती. आप्पा माणसं बाजूला सारत निघाले. आणि दिसली. पाठमोरी, खांद्याला एकच पिशवी, बसच्या दारापासून दोन माणसांवर. त्यांनी हाक मारली. भोंग्यापुढे त्यांच्या हाकेचं काही चाललं नाही. पुन्हा मारली. पुढचा माणूस चढला. तिने दांडीला हात घातला, आणि आप्पांनी तिची पिशवी मागून धरली.

ती दचकून वळली. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आले तिचे, आपोआप.

"मुंगे, मी आहे."

तिने हात खाली घेतले. "मला वाटलं, तुम्ही या वेळीही..." एवढंच बोलली आणि त्यांच्या शर्टात तोंड खुपसून रडली. मागचे लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, आप्पा तिच्या उजवीकडे. गाव मागे पडलं. मग ती डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही काल पटकन हो म्हणालात ना, त्याच्याच जोरावर मी आज घरातून उठले, आप्पा. नाहीतर उठलेच नसते."

झालं. इथेच गप्प बसता आलं असतं. लेक हाताशी होती, घरी चालली होती, सगळं साधलं होतं. तिला कधी कळलंही नसतं. आप्पांनी गुडघ्यावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"काल मी ऐकलंच नव्हतं," ते म्हणाले.

तिने मान वळवली.

"ते चाक टोकाला होतं. तू काय बोललीस ते मला आज दुपारी कळलं, रेकॉर्डिंगवरून. काल मी नुसताच हो म्हणालो. आणि ओट्यापाशी तू बोललीस तेही मला ऐकू आलं नव्हतं. कान गेलेत माझे, बाळ. बऱ्याच वर्षांपूर्वी. कोणाला सांगितलं नाही. लाज वाटायची."

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"एवढी वर्षं, आप्पा," ती म्हणाली. "मला वाटत होतं तुम्हाला माहीत आहे. रोज वाटत होतं, आप्पांना माहीत आहे आणि ते येत नाहीत."

आप्पांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग आप्पा उठले आणि तिला म्हणाले, "इकडे सरक. मला खिडकीशी बसू दे. हा उजवा कान जरा बरा आहे. आणि पहिल्यापासून सांग. जे आलं नाही, ते आलं नाही म्हणेन."

ती सरकली. मग पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलली.

"नाही आलं," आप्पा म्हणाले. "पुन्हा."

तिने पुन्हा सांगितलं.

"अर्धं आलं. पुन्हा सांग."

तिसऱ्यांदा तिने ते इतक्या मोठ्याने सांगितलं, की पुढच्या बाकावरचा कंडक्टर तिकिटं मोजता मोजता वळून बघायला लागला. तिने आवाज कमी केला नाही.